घरी विणलेले दोन नग

वसतिगृहात वाढलेल्यांना अबोला म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारी पाट मांडून जेवायचे आणि मिठासाठी मात्र तिसऱ्याकडे हात करायचा, असे दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. इतिहास शिकवताना आम्ही अशा मुलांना उपदेश न करता अमेरिकेतील दोन वृद्धांची हकीकत सांगत आलो.

जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे १७७६ च्या स्वातंत्र्यलढ्यातील सहकारी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा जेफरसनने लिहिला आणि सभागृहात त्याची बाजू ॲडम्सने लढवली. पुढे राजकीय पक्षांनी त्यांना दूर लोटले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसनने राष्ट्राध्यक्ष असलेल्या ॲडम्सचा पराभव केला. ४ मार्च १८०१ रोजी, नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता, ॲडम्स पहाटेच राजधानी सोडून निघून गेला. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ दोघांत अबोला राहिला.

दोघांचा समान मित्र डॉ. बेंजामिन रश दोघांनाही पत्रे लिहून मन वळवीत होता. दोघेही एकमेकांबद्दल आपुलकीने बोलत. पण पहिले पत्र कोणी लिहायचे, येथे सारे अडून बसे. अखेर १ जानेवारी १८१२ रोजी ॲडम्सने लेखणी उचलली. पत्र अगदी लहान होते. जुन्या भांडणाचा त्यात उल्लेख नव्हता, क्षमायाचनाही नव्हती. तुम्ही देशी मालाचे चाहते आहात, म्हणून आमच्याकडे तयार झालेले घरगुती विणीचे दोन नग टपालाने पाठवीत आहे, असे त्यात लिहिले होते.

पत्र पोहोचले; भेटीचे पुडके मात्र टपालात मागे राहिले. जेफरसनने भेट हाती येण्यापूर्वीच २१ जानेवारीला उत्तर लिहिले. हे नग म्हणजे हातमागाचे कापडच असणार, असे त्याने धरले. इंग्लंडशी व्यापार बिघडल्यामुळे त्या काळी अमेरिकेत घरच्या कापडाला मोठा मान होता. म्हणून आपल्या व्हर्जिनिया प्रांतात घरोघरी सूत कसे काततात, कोणती जाडीभरडी वस्त्रे घरीच होतात, याचे त्याने सविस्तर वर्णन केले. लिहिता लिहिता मन मोकळे झाले असावे. कारण त्याच पत्रात तो पुढे दोघांनी मिळून संकटे झेललेल्या जुन्या दिवसांकडे वळला.

ते पत्र घेऊन टपालकचेरीत गेलेला माणूस परत येताना ॲडम्सचे पुडके घेऊन आला. आत कापड नव्हतेच. ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी याने हार्वर्ड येथे वक्तृत्वशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांचे ते दोन खंड होते. जेफरसनने २३ जानेवारीला पुन्हा पत्र लिहिले आणि आपल्या कापडपुराणावर स्वतःच विनोद केला.

आम्हांला वाटते, पुडके वेळेवर आले असते तर ग्रंथांबद्दल आभाराच्या चार औपचारिक ओळी गेल्या असत्या. उशिरामुळे जेफरसनला सूतकताईवर ऐसपैस लिहावे लागले, आणि गैरसमजामुळे लगोलग दुसरे पत्र लिहिण्यास कारण मिळाले. दोन मानी माणसांना बोलण्यासाठी निरुपद्रवी विषय हवा होता. तो टपालाच्या दिरंगाईने पुरवला. पुढील चौदा वर्षांत दोघांत दीडशेहून अधिक पत्रे गेली-आली. राजकारणातील मतभेद त्यांत पुन्हा निघाले, पण त्यांनी मैत्री तुटली नाही.

एके वर्षी ही हकीकत ऐकून नववीतील एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, जेफरसनच्या घरचे ते कापड विणत कोण होते?" प्रश्न नेमका होता. मॉन्टिचेलो येथील त्याच्या मालमत्तेवर सूत कातणे आणि विणणे हे काम प्रामुख्याने गुलाम स्त्रिया व मुली करीत. ज्या पत्राने मैत्री जुळली, त्यातील देशी कापडाच्या अभिमानामागे त्यांचे हात होते. ॲडम्सने स्वतः कधी गुलाम बाळगला नाही. तरीही १८२१ मध्ये गुलामीचा विषय निघाला तेव्हा त्याने तो दक्षिणेकडील लोकांवरच सोडून दिला. जखमेला हात न लावता जुळलेल्या या मैत्रीने तेवढा विषय मिटलेलाच ठेवला.

त्या दिवसापासून हकीकत सांगताना आम्ही हा भागही सांगतो. मुलांना भेटीचा भाग आवडतोच, आणि तो आवडावाही. अबोला मोडण्यासाठी पहिल्या दिवशी सगळा हिशेब मांडावा लागत नाही. 'दोन नग पाठवीत आहे' एवढे पुरते. मात्र बोलणे सुरू झाल्यावर कोणता विषय आपण पुढे ढकलत आहोत, याचे भान मित्रांनीच एकमेकांना द्यायचे असते. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, दोघेही मित्र काही तासांच्या अंतराने वारले. गुलामीविषयीचे त्यांचे बोलणे तेव्हाही अपुरेच होते.