146वं गिऱ्हाईक

सध्या मला कुठलीही टपरी दिसली की मी आधी पावाच्या लाद्या मोजते. मग कागदी कपांची पाकिटं. घरचे हसतात, हसू देत! एका टपरीला रोज किती गिऱ्हाईक लागतं याचं उत्तर त्या दोन गोष्टींत दडलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

झालं असं की भाच्याचा कॉमर्सचा अभ्यास घेताना ब्रेक-इव्हनचा धडा लागला. पुस्तकात कसलासा कारखाना, कसलीशी यंत्रं. स्थिर खर्चाला एका नगावरच्या शिलकीनं भागलं की किती नग विकल्यावर तोटा संपतो ते कळतं. एवढंच? हे तर आपल्या बंडूच्या टपरीलाही लागू पडायला हवं! बंडू म्हणजे माझा मामेभाऊ. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत त्याची चहा-वडापावची टपरी आहे. मी वही घेऊन तिथं जाऊन बसले.

"ताई, धंदा झकास आहे," तो म्हणाला. "गल्ल्यात रोज तीन हजार येतात की."

गल्ल्यात येतात, बरोबर. पण त्यातले थांबतात किती?

पहिल्यांदा आम्ही गिऱ्हाईक आलं नाही तरी द्यावेच लागणारे पैसे लिहून काढले. जागेचं भाडं 9,000, मदतनीस पोराचा पगार 11,000, फ्रीज आणि भट्टीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता 3,000, वीज-पाणी 1,500 आणि साफसफाई, दुरुस्ती असं किरकोळ 1,500. बेरीज झाली 26,000. टपरी महिन्याला 26 दिवस उघडी असते. म्हणजे रोजचे बरोब्बर हजार! सकाळी फळी उघडायच्या आधीच बंडूच्या डोक्यावर हजार रुपये चढलेले असतात. पाऊस असो, कंपनी बंद असो, त्यांना सुट्टी नाही.

आता दुसरी बाजू, आणि इथंच मला खरी मजा आली. दहा रुपयांच्या कटिंगमध्ये बंडूचे किती? "निम्मे असतील," असं तो अंदाजानं म्हणाला. अंदाज कशाला? पातेलं समोर होतं. एक लिटर दूध 60 रुपये, साखर 6, चहा पावडर 14, आलं-वेलची 4, गॅस साधारण 8. त्यात पाणी घालून, उकळून, गाळून आम्ही कप भरत गेलो. वीस कप निघाले. वीस कागदी कपांचे 8 रुपये धरले की झाले शंभर. म्हणजे कपाला पाच रुपये खर्च आणि पाच शिल्लक. बंडूचा अंदाज पैशावर बरोबर निघाला, म्हणून तो दिवसभर फुशारला होता.

वडापावचा हिशेब मात्र त्याला ठाऊक नव्हता. विक्री पंधराला. पाव 3 रुपये. बटाटा, बेसन, तेल, मिरची-लसूण, चटणी आणि गॅस मिळून 6. राहिले सहा. पंधराच्या वस्तूत सहा आणि दहाच्या वस्तूत पाच! चहाला लोक उगाच सोन्याचा धंदा म्हणत नाहीत.

पण हजाराला भागायचं कशानं? पाचानं की सहानं? इथं मी बराच वेळ पेन चावत बसले. गिऱ्हाईक काही ‘चहा’ किंवा ‘वडापाव’ नसतं, ते माणूस असतं. कुणी नुसता चहा घेतं, कुणी दोन्ही. मग सरळ शंभर गिऱ्हाइकांच्या काड्या मारल्या. साठ जण नुसता चहा पिऊन गेले, तीस जणांनी चहा आणि वडापाव दोन्ही घेतले, दहा जणांनी नुसता वडापाव नेला. साठांचे पाचप्रमाणे 300, तिसांचे अकराप्रमाणे 330, दहांचे सहाप्रमाणे 60. एकूण 690, म्हणजे माणशी सहा रुपये नव्वद पैसे!

हजार भागिले 6.90. उत्तर 145.

हा आकडा वहीत उतरला आणि मला टपरी वेगळीच दिसायला लागली. सकाळी भवानी करणारा वॉचमन, पहिल्या पाळीचे कामगार, दहाच्या चहाच्या सुट्टीतली झुंबड, हे सगळे भाडं, पगार आणि हप्ता भरत असतात. बंडूचा त्यात छदाम नाही. त्याचं स्वतःचं पहिलं गिऱ्हाईक 146वं! दुपारी तीनच्या पाळीबदलाच्या जरा आधी मी काड्या मोजत बसले होते. निळ्या गणवेशातला एक जण आला, कटिंग घेतलं, यूपीआयनं दहा रुपये टाकले आणि निघून गेला. तोच तो. मी बंडूला कोपरानं ढोसलं, तर तो म्हणाला, "काय झालं? ओळखीचा आहे का?"

रोज सरासरी 210 गिऱ्हाईक येतं. त्यांचे 6.90 प्रमाणे होतात 1,449. हजार वजा केले की 449 उरतात. महिन्याचे साडेअकरा हजारांच्या वर. बंडू खूश झाला. तेवढ्यात आतून भावजय म्हणाली, "आणि माझे दोन तास?"

रोज पहाटे बटाटे उकडून, सोलून, फोडणी घालून सारण तीच करते, मग डबा टपरीवर येतो. ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. बंडूचे बारा तासही नव्हते. घरच्यांचे कष्ट फुकट धरले की कुठलाही धंदा फायद्यातच दिसणार! मग आम्ही बंडूचे 400 आणि तिचे 200 रोज धरले. त्या मदतनीस पोराला दिवसाला 423 पडतात, म्हणजे मालकानं नोकराहून कमी पगार मागितला, तरीही आता रोजचे 1,600 झाले. भागिले 6.90 म्हणजे 232 गिऱ्हाइकं. येतात 210. बावीस कमी. मला विचाराल तर हाच आकडा खरा. 145 हा फक्त टपरी बंद पडणार नाही, एवढंच सांगतो.

बंडूचा चेहरा उतरला, पण माझा उत्साह आणखीच वाढला. कारण हे बावीस जण भरून काढायला रस्त्यावरून माणसं ओढूनच आणायला हवीत असं थोडंच आहे? खालचा 6.90 हलवता येतो की!

चहा बाराला केला तर? शंभरांत नव्वद जण चहा घेतात, म्हणजे शंभरामागे 180 रुपये वाढले आणि माणशी 8.70 झाले. मग 184 गिऱ्हाइकं पुरतात. म्हणजे आजच्या 210 मधले सव्वीस जण रुसून गेले तरी चालतं. वहीत हे फार देखणं दिसतं. पण चार पावलांवर दुसरी टपरी आहे, तिथं कटिंग दहालाच मिळतं आणि कामगार घोळक्यानं येतात. एक फिरला की पाच फिरतात. "वहीतले सव्वीस सावकाश जातात ताई, इथले एका दिवसात जातील," असं बंडू म्हणाला. मला ते पटलं. किती गिऱ्हाईक गेलं तर परवडेल ते भागाकार सांगतो, किती जाईल ते सांगत नाही.

मग त्या नुसता चहा पिणाऱ्या साठ जणांकडे पाहिलं. त्यांतल्या दहांनी जरी वडापाव घेतला तरी शंभरामागे साठ रुपये वाढतात, माणशी साडेसात होतात आणि 214 गिऱ्हाईक पुरतं. 214! येतात 210! मी अक्षरशः ओरडले. आता हे दहा जण कसे खाणार? बंडू सकाळी एकदम मोठा घाणा काढून परातीत रचून ठेवायचा. दहा वाजेपर्यंत ते वडे गार आणि मऊ पडलेले. आता त्यानं घाणे लहान केलेत आणि सुट्टी होण्याच्या पाच-सात मिनिटं आधी कढईत वडे सोडतो. गेटमधून बाहेर पडणाऱ्याला आधी वासच गाठतो.

लहान घाण्याचा दुसरा फायदा उरलेल्या मालात दिसला. पाव सोडला तरी एका वड्यात सहा रुपये गुंतलेले असतात आणि एका विकलेल्या वडापावात मिळतात तेही सहाच. म्हणजे रात्री एक वडा उरला की दिवसभरातला एक वडापाव फुकट विकल्यासारखं. पंधरा उरले तर नव्वद रुपये, म्हणजे तेरा गिऱ्हाइकांची कमाई टोपलीत.

एक गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. बंडू ओततो तेव्हा लिटरला वीस कप निघतात, पोरगं ओततं तेव्हा सतरा-अठरा. त्याचा हात सैल आहे, कप काठोकाठ भरतो. कपामागे साधारण 65 पैसे जास्त जातात. सगळाच चहा त्याच्या हातून गेला तर 232 च्या जागी 254 गिऱ्हाइकं लागतील! हे पकडायची युक्ती सोपी आहे. रात्री रिकाम्या पाकिटांवरून कप मोजायचे आणि दुधाच्या लिटरांशी ताडून बघायचे. 189 कपांना साडेनऊ लिटर दूध ठीक. पावणेअकरा लागलं तर हात सैल सुटलाय असं समजायचं. आम्ही आता ओतायला मापाचा डाव ठेवलाय.

गिऱ्हाईकही रोज काड्या मारून मोजावं लागत नाही. गेलेले कप गुणिले पाच, गेलेले पाव गुणिले सहा. 189 कप आणि 84 पाव, म्हणजे 14 लाद्या, की झाले 1,449. उधारीवर गेलेलं मात्र भावजय वेगळं लिहिते, पैसे हातात येईपर्यंत बेरजेत धरत नाही. दुधाचा किंवा तेलाचा भाव हलला की पाच आणि सहा हे आकडे नव्यानं काढायचे, नाहीतर वही जुन्याच भावात फायदा दाखवत राहते.

आता बंडूला तीनच्या पाळीबदलासाठी दुसरा मुलगा ठेवायचाय. रांग बघून काही जण परत जातात म्हणे. पण तो मुलगा आला की रोजच्या 1,600 वर एकदम 423 चढतात, हळूहळू नाही. साडेसातनं भागलं तर रोज 57 गिऱ्हाइकं जास्त हवीत. रांग बघून खरंच इतके जण परत जातात का? पुढच्या आठवड्यात मी टपरीसमोरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसणार आहे. या वेळी काड्या चहा न पिता गेलेल्यांच्या.