मशीन तिथेच असू दे

अम्मीच्या इंतकालानंतर चार महिन्यांनी भाईजान धुळ्याहून जळगावला आले. पिशवीत हक्कसोडपत्र होतं. त्या दुपारवर मी एक कथा लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात बहीण म्हणते, ‘‘सूरह निसामध्ये माझा हिस्सा ठरलेला आहे, तो तुम्ही कसा मागता?’’ भाऊ म्हणतो, ‘‘मला लाज वाटते, पण घर मोडकळीला आलंय.’’ सगळं खरं होतं, तरी वाचताना वाटलं की दोन वकील बोलताहेत.

मग त्या दिवशी प्रत्यक्षात काय बोललो ते आठवलं.

‘‘अम्मीची शिलाई मशीन कुठे आहे?’’
‘‘मागच्या खोलीत. गंज चढलाय. हवी तर घेऊन जा.’’
‘‘नको, तिथेच असू दे. मी आले की तेल घालीन.’’
भाईजाननी पिशवीची चेन ओढून घेतली. ‘‘साडेपाचची बस मिळेल ना?’’

हक्काचा शब्दही नाही. पण ‘घेऊन जा’ म्हणजे हिशेब मिटव आणि ‘तिथेच असू दे’ म्हणजे त्या घरात माझी जागा आहे. भावाचं उत्तर त्या चेनमध्ये आहे.

राजिंदरसिंग बेदींच्या ‘लाजवंती’त हेच आहे. फाळणीत पळवलेली बायको परत येते. पूर्वी तिला मारणारा सुंदरलाल आता तिला ‘देवी’ म्हणतो. शब्द आदराचा आहे, पण त्याच्या आड तो तिची हकीकत ऐकायचं टाळतो. ती पुन्हा नुसती लाजो होऊ शकत नाही.

असा संवाद लिहिताना मी पात्रांच्या हाती एखादी वस्तू किंवा काम देते आणि मनातली गोष्ट त्याच्या आडून बोलायला लावते. मात्र एक चूक माझ्याकडून झाली. दुसऱ्या खर्ड्यात मी हक्कसोडपत्राचा उल्लेखच काढून टाकला. शाळेतल्या एका बाईंनी वाचून विचारलं, ‘‘मशीन विकायची होती का?’’ न बोललेलं कळायला वाचकाला आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. म्हणून आता पहिल्याच परिच्छेदात भाऊ पिशवीतला कागद चाचपतो. पुढे त्याचं नाव निघत नाही.

मी तपासते ते असं: बहिणीचं वाक्य झाकायचं आणि पुढचं वाचायचं. भावाची हालचाल तरीही तशीच चालून गेली, तर आधीच्या वाक्याने काहीच केलेलं नाही.

कथा तशीच ठेवली. घरात मात्र तसं ठेवलं नाही. कथेतला वाचक ओळींमधलं वाचतो. भावाने ते वाचलंच असेल, याची खात्री कोण देणार? पुढच्या जुम्म्याला फोन लावला आणि सरळ म्हटलं, ‘‘भाईजान, मी सही करणार नाही. दुरुस्तीच्या खर्चात मात्र माझा वाटा राहील.’’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘‘मशीनला तेल घातलंय.’’