खरे तेवढेच पालुपद

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतील घराघरांत शिरले. त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजू लागला, की आमच्या धर्मग्रामातील एक सहा वर्षांची मुलगी झोपेनाशी झाली. तिच्या आईने मजकडे अंगाईसाठी शब्द मागितले.

‘भिऊ नको’ म्हटले, की भीतीचेच नाव कानी पडते. आणि ‘पाणी येणार नाही’ असे वचन कृष्णाकाठी कोणी द्यावे? म्हणून त्या घटकेला खरे असेल तेवढेच आम्ही निवडले: ‘दार लागले, दिवा मंद, आई जवळ, नीज गं.’

ही ओळ प्रथम नेहमीच्या आवाजात म्हणावी, मग प्रत्येक वेळी अधिक हळू. ‘नीज’मधला ईकार श्वासाइतका लांबवावा. मुलीचा श्वास त्या लयीवर आला, की एकेक शब्द गाळावा. शेवटी नुसते गुणगुणणे उरावे. नवे कडवे मात्र जोडू नये. नवा शब्द ऐकला, की मूल पुन्हा जागे होऊन प्रश्न विचारू लागते. महिना उलटूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पंधरवड्याने आई म्हणाली, “फादर, आता तीच आधी दाराची कडी पाहून येते आणि मग ओळ सुरू करते.”