कपाळ सालीकडे

आरशाच्या सूक्ष्मदर्शकातले चित्र उसन्या उजेडावर जगते. खिडकीबाहेर सूर्यावर ढग आला, बाकाला धक्का लागून आरसा किंचित फिरला, की नेत्रिकेत नुसता काळोख उरतो. दिव्याचा सूक्ष्मदर्शक असेल तर वीज जाते. यातले काहीच झाले नाही तरी स्पॉटिंगच्या परीक्षेत घंटा होते आणि विद्यार्थ्याला पुढच्या टेबलाकडे सरकावे लागते. चित्र जाते आणि उत्तरपत्रिका कोरी असते. त्या क्षणी त्याच्याजवळ काय उरते, हा मला जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकातला सर्वांत खरा प्रश्न वाटतो. बहुतेकांजवळ उरते ते एक नाव: ‘एकदलीय खोड, आडवा छेद’. नाव बरोबर असते, पण त्यातून दुसऱ्या कोणाला ती स्लाइड दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच की वर्णनात नाव शेवटी यावे. आधी आकार, रंग आणि मोजमाप असे लिहावे की ज्याने स्लाइड पाहिलीच नाही, त्यालाही ती ओळखता यावी.

सोलापूरकडे यासाठी साहित्य शोधावे लागत नाही. पाठ्यपुस्तकांत एकदलीय खोड म्हणून बहुधा मका असतो. इथे रब्बीत रानोरान शाळू उभा असतो. मोहोळला निवडलेले मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण तर याच जिल्ह्यातले. ज्वारीच्या कोवळ्या ताटाचा तुकडा घ्यावा, ओल्या पात्याने पातळ काप काढून ते पाण्यात सोडावेत आणि त्यांतला सर्वांत पातळ निवडावा. तो काही मिनिटे सॅफ्रानिनमध्ये ठेवावा, जादा रंग पाण्याने धुवावा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर कव्हर स्लिप तिरकी टेकवत हळूच सोडावी. घाईने सोडली तर हवेचा बुडबुडा अडकतो, आणि दरवर्षी कोणीतरी तो पेशी म्हणून काढतो. बुडबुडा मात्र ओळखू येतो: पूर्ण गोल, कडा जाड काळी, आत रंगाचा मागमूस नाही, आणि फोकस हलवला की कडेची जाडी बदलते. पेशीची भिंत अशी बदलत नाही.

आता आकार. कमी शक्तीच्या भिंगाखाली कडेला अपित्वचेचा एक थर, त्याला लागून जाड भिंतींच्या पेशींची ताठ कड आणि आत मऊ, मोठ्या पेशींचा भराव दिसतो. या भरावात संवहनी पूल विखुरलेले असतात. सालीजवळ लहान आणि दाटीने, मध्याकडे मोठे आणि विरळ. ताट बाहेरून कडक आणि आतून मऊ का लागते, ते या मांडणीत दिसते. जास्त शक्तीखाली एकच पूल पाहिला की वर्गात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले माकडाचे तोंड समोर येते. दोन मोठ्या जलवाहिन्या म्हणजे डोळे, त्यांच्या खाली नाकाच्या जागी लहान वाहिनी, तोंडाच्या जागी एक पोकळी, आणि कपाळाच्या जागी रसवाहिन्यांचा बारीक जाळीदार पुंजका. भोवती जाड भिंतींच्या पेशींचे कडे.

अशी उपमा शास्त्रात शोभत नाही, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. उपमा एकटी सोडली तर ती चित्राइतकीच हरवते. तिला दिशा बांधली की ती पुरावा होते. ‘वर रसवाहिनी, खाली पोकळी’ हे वर्णन निरुपयोगी आहे, कारण सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी दाखवतो आणि स्लाइड फिरवली की वर-खाली बदलते. ‘प्रत्येक तोंडाचे कपाळ सालीकडे आणि पोकळी मध्याकडे’ हे वाक्य स्लाइड कशीही ठेवली तरी खरे राहते. उपमा कुठे फसते, तेही लिहायला हवे. सगळ्या पुलांचे डोळे एकाच दिशेने लांबट झाले असतील, तर ते ताटाचे वैशिष्ट्य नव्हे. पाते तिरके चालले आहे. अगदी कोवळ्या भागात तोंडाची पोकळी तयारच झालेली नसते. पुस्तकातली आकृती पाठ करणारा तरीही ती काढतो, आणि आपण काय पाहिले याची साक्षच पुसून टाकतो.

रंगाबाबत चूक अधिक खोल आहे. ‘जलवाहिनी लाल असते’ हे वाक्य जर्नलांमध्ये सर्रास सापडते. जलवाहिनी लाल नसते. लाल असते ते बाटलीतले सॅफ्रानिन. ते लिग्निन असलेल्या भिंतींना घट्ट धरते आणि नुसत्या सेल्युलोजच्या भिंतींतून धुण्याने बरेचसे निघून जाते, म्हणून डोळे गडद राहतात आणि भराव फिका गुलाबी होतो. धुणे कमी पडले तर सगळेच लाल. जास्त झाले तर सगळेच फिके. त्याच छेदाला फास्ट ग्रीनचा दुसरा रंग दिला, की भराव आणि रसवाहिन्या हिरव्या दिसतात. ग्लिसरीनमधल्या तात्पुरत्या स्लाइडचा रंग काही दिवसांत आजूबाजूला पाझरतो; कायमस्वरूपी स्लाइडही उजेडात फिकटते आणि बाल्सम जुने झाले की पिवळे पडते. ‘सॅफ्रानिन दिले, धुतल्यावर जाड भिंती गडद राहिल्या’ असे लिहिलेले असेल, तर रंग उडालेल्या स्लाइडवरही ते वर्णन वाचता येते.

मग मोजमाप. आकृतीखाली ‘४५० पट’ लिहिण्याची पद्धत आहे: नेत्रिका दहाची, भिंग पंचेचाळीसचे, गुणाकार झाला. पण हा आकडा उपकरणाचा आहे, आकृतीचा नाही. एकाने पूल ८ सेंटिमीटरचा काढला, दुसऱ्याने ४ सेंटिमीटरचा. दोघांच्या खाली ४५० पट. याऐवजी दहाच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टीच्या मिलिमीटरच्या खुणा ठेवून पाहाव्या. समजा, प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास १.८ मिलिमीटर भरला. पंचेचाळीसच्या भिंगाखाली तो साडेचार पटींनी कमी, म्हणजे ०.४ मिलिमीटर. पुलाने त्याचा अर्धा भाग व्यापला असेल तर पूल ०.२ मिलिमीटरचा, आणि एक डोळा आठवा हिस्सा असेल तर तो ०.०५ मिलिमीटरचा. आता पहिली आकृती ४०० पट ठरते, दुसरी २०० पट. एकही ४५० पट नाही.

एवढे शब्द कशाला, फोटो काढून ठेवावा, असे कोणी म्हणेल. फोटो जरूर काढावा. पण फोटो एकाच फोकसचा असतो, छापताना लहानमोठा होतो, आणि रंग कुठला दिला ते सांगत नाही. उलट, मापाला धरून केलेले वर्णन किती लांब जाते, याचे उदाहरण जुने आहे. डेल्फ्टच्या लेवेनहूकने १६७६ च्या पत्रात पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे आकारमान वाळूच्या कणाशी ताडून सांगितले. आपल्या निरीक्षणाची खास पद्धत त्याने कोणाला दिली नाही. तरी १६७७ मध्ये लंडनला रॉबर्ट हूकने स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते जीव शोधून दाखवले.

स्पॉटिंगची मिनिटे थोडी असतात, हे खरे. पण वर सांगितलेले सगळे चार ओळींत मावते. पुढच्या प्रात्यक्षिकात नेत्रिकेवरून डोळा उचलताच, नाव लिहिण्याआधी, त्या लिहा: वर्तुळाचा व्यास ०.४ मिलिमीटर, पूल त्याच्या अर्ध्यात, सॅफ्रानिन, धुतलेले, दोन मोठ्या वाहिन्या गडद, भराव फिका, कपाळ सालीकडे.