डिस्प्ले गेला की जुळणी?

मराठीत तांत्रिक काही लिहायचं म्हटलं की दोन पार्ट्या लगेच तयार होतात. एक म्हणते प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाच. दुसरी म्हणते इंग्रजी शब्द सरळ देवनागरीत लिहा, लोकांना तेच कळतं. माझी नोकरीच अशी की मी आपोआप दुसऱ्या पार्टीत. दिवसभर 'बिल्ड फेल झालंय', 'उद्या डिप्लॉय करतो' असलं मराठी बोलणाऱ्या माणसाने प्रतिशब्दांचा आग्रह कुठल्या तोंडाने धरायचा? पण गेल्या महिन्यात मावशीसाठी दोन पानी टिपण लिहिताना क्लायंट, प्लॅटफॉर्म, रेंडरिंग आणि डिस्प्ले या चार शब्दांनी मला चांगलंच अडवलं. त्याचीच ही हकीकत.

मावशी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाची कार्यवाह आहे. तिथली पुस्तकांची यादी आता संगणकावर आहे. यादी ठेवलेला सर्व्हर आतल्या खोलीत, आणि काउंटरवरच्या संगणकावर ब्राउझरमध्ये ती दिसते. पुस्तकांना चिकटवायची लेबलं छापायला त्याच काउंटरवर एक वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे. भानगड अशी, की ब्राउझरमध्ये 'विद्यार्थी' बरोबर आणि लेबलवर मोडका. पहिली वेलांटी व ऐवजी द च्या डोक्यावर, द आणि य फारकत घेतलेले, रफार गायब आणि त्याच्या जागी पाय मोडलेला र.

एवढंच असतं तर हसून सोडलं असतं. पण काउंटरवरच्या ताईंनी यावर एक युक्ती शोधली होती. आधी वेलांटी टाइप करायची आणि मग व. अशाने लेबलवर 'विचार' अगदी झकास येतो. रफाराला ही युक्ती चालत नाही, पण वेलांटीपुरतं काम भागतं. शे-सव्वाशे नोंदी त्यांनी अशा 'सुधारल्या' होत्या. परिणाम असा की त्या नोंदी ब्राउझरमध्ये वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ दाखवायला लागल्या आणि 'विचार' शोधलं तर सापडेनात. पुस्तक कपाटात आहे, यादीत आहे, पण शोधात नाही. शिवाय समितीच्या पुढच्या बैठकीत नवा प्रिंटर घ्यायचा विषय होता. म्हणजे टिपणाचं काम स्पष्ट होतं: चूक नेमकी कुठे होते ते असं सांगायचं, की ताई नोंदींना हात लावायच्या थांबतील आणि समिती प्रिंटर घ्यायची थांबेल.

सगळ्यात सोपा वाटणारा शब्द होता डिस्प्ले. हा तर मराठीच झालाय! पण कुठल्या अर्थाने? मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. 'डिस्प्ले गेलाय', 'डिस्प्ले बदलावा लागेल', 'ओरिजिनल टाकू की कॉपी?' मराठीत डिस्प्ले म्हणजे काच, एक वस्तू, पैसे देऊन बदलायचा भाग. मी 'डिस्प्लेमधली चूक' असं लिहिलं असतं तर समितीने प्रिंटरसोबत मॉनिटरही मागवला असता. मग 'प्रदर्शन'? वाचनालयात प्रदर्शन म्हणजे ग्रंथप्रदर्शन, दिवाळी अंक टेबलावर मांडून ठेवतात ते.

क्लायंटचं तेच. आमच्या ऑफिसात क्लायंट म्हणजे रात्री साडेनऊच्या कॉलवर येणारा माणूस. वकिलाकडे तो अशील होतो, दुकानात ग्राहक. मी मावशीला फोनवर सहज विचारून पाहिलं, "ग्राहक संगणक म्हटलं तर काय कळेल तुला?" ती म्हणाली, "सभासदांसाठी ठेवायचा का वेगळा?" झालं! आणि मुळात क्लायंट हे यंत्राचं नाव नाहीच, ती एक भूमिका आहे. काउंटरच्या एकाच संगणकावर ब्राउझर हा एक क्लायंट आणि लेबलांचा प्रोग्रॅम हा दुसरा. दोघंही त्याच सर्व्हरकडे तीच नोंद मागतात. ही गोष्ट कळली की अर्धा प्रश्न सुटतो, कारण नोंद एक आणि निकाल दोन, म्हणजे नोंद निर्दोष. 'ग्राहक संगणक' म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं. म्हणून मी 'मागणारा प्रोग्रॅम' लिहिलं. सर्व्हरला मात्र हात लावला नाही. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य बँकेत ऐकलं नाही असा माणूस दाखवा :)

प्लॅटफॉर्मवर फार वेळ घालवला नाही. स्टेशनवर त्याचा फलाट होऊन गेलाय, भाषणवाल्यांकडे व्यासपीठ आणि मंच आहेत. 'मंचनिरपेक्ष प्रणाली' असं लिहिणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. टिपणात जिथे जिथे प्लॅटफॉर्म लिहावंसं वाटलं तिथे माझ्या मनात खरं तर विंडोज होतं, म्हणून विंडोज लिहिलं. मावशीच्या फोनबद्दल होतं तिथे अँड्रॉइड लिहिलं. बऱ्याचदा हा शब्द आपण नेमकं नाव घ्यायचा कंटाळा म्हणूनच वापरतो, असा माझा संशय आहे.

आता राहिला रेंडरिंग, आणि खरी गोम इथेच आहे. कारण बाकीचे तीन शब्द मराठीत आधीच कुठे ना कुठे नोकरीला लागलेले आहेत. देवनागरीत लिहिले म्हणून ते कोरे होत नाहीत, जुना अर्थ घेऊनच येतात. रेंडरिंग मात्र ऑफिसबाहेर कोणाला माहीतच नाही. तो लिहिला तर चुकीचा अर्थ जाणार नाही, पण कुठलाच जाणार नाही. आणि तो टाळून सगळीकडे 'दिसणं' म्हणावं, तर जे वेगळं करून दाखवायचं तेच पुसलं जातं. 'संगणकावर नीट दिसतं, लेबलवर नीट दिसत नाही' हे तर ताईंनाही माहीत होतं.

नेमकं काय होतं ते बघा. 'विद्यार्थी' या शब्दात तुम्ही-आम्ही तीन अक्षरं मोजतो: वि, द्या, र्थी. संगणक वेगळंच मोजतो. पायथॉनला विचारलं तर:

```
>>> len("विद्यार्थी")
10
```

व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. नोंदीत ही दहा चिन्हं उच्चाराच्या क्रमाने एका ओळीत असतात. वेलांटी व च्या नंतर, र हा थ च्या आधी. कागदावर मात्र वेलांटी व च्या डावीकडे जाते, द आणि य मिळून एक आकार होतो, आणि र उडी मारून थी च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ही हलवाहलव नोंदीत कुठेच लिहिलेली नसते. दर वेळी, दाखवायच्या क्षणी, कोणीतरी फॉन्टमधले नियम वाचून ती करावी लागते. क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी (प्रोग्रॅमरांची, पुस्तकांची नव्हे) सोबत घेऊनच येतात. विंडोजकडेही स्वतःची सोय आहे. लेबलांचा प्रोग्रॅम कोणालाच विचारत नव्हता. इंग्रजीसारखं एकामागून एक चिन्ह उमटवत सुटायचा.

या पायरीला मराठीत काय म्हणायचं? 'प्रस्तुतीकरण' म्हटलं की प्रोजेक्टर आठवतो. 'चित्रण' म्हटलं की कॅमेरा. मी हे सगळं मावशीला फोनवर समजावत होतो, वेलांटी आधी की व आधी, रफार कुठे बसवायचा वगैरे. ती मध्येच म्हणाली, "अरे, म्हणजे जुळारी चुकतोय."

जुळारी! शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात मजकूर वाचून एकेक खिळा उचलून ओळ जुळवणारा माणूस. लेखकाचं हस्तलिखित बरोबर, छापायचं यंत्र बरोबर, आणि मध्ये जुळाऱ्याचे खिळे चुकले तर कागदावर चूक. मावशीच्या आळीतच पूर्वी छापखाना होता, तिला हे सांगावं लागत नाही. आणि खिळे गेले तरी शब्द गेलेला नाही. कुठल्याही मराठी पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडा, मुद्रकाच्या आसपास 'अक्षरजुळणी' लिहिलेलं सापडेल. वाचनालयात तर हा शब्द रोज डोळ्यांखालून जातो. टिपणातलं मुख्य वाक्य मग असं झालं: नोंद बरोबर आहे, छपाई बरोबर आहे, लेबलांचा प्रोग्रॅम अक्षरजुळणी करत नाही.

आणि हे ओळखायचं कसं? मोडका शब्द त्या प्रोग्रॅममधून कॉपी करून ब्राउझरच्या शोधखिडकीत चिकटवायचा. तिथे नीट झाला तर चूक फक्त जुळणीची, नोंदीला हात लावायचा नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर चिन्हांचा क्रमच बिघडलाय, तिथे नोंद दुरुस्त करायची. `fo|kFkhZ` असलं काही आलं तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टातला मजकूर. तिथे मुळात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. कोरे चौकोन आले तर फॉन्टात ते अक्षरच नाही.

जुळणी हा शब्द सगळीकडे चालेल असा माझा दावा नाही. अक्षरं जुळली तरी पुढे त्यांचे आकार ठिपक्यांनी भरायचे असतात, इंग्रजीत तेही रेंडरिंगच. उद्या गेममधल्या डोंगराबद्दल लिहायचं झालं तर तिथे जुळारी काय करणार? तिथे मी मुकाट्याने रेंडरिंग लिहीन आणि पहिल्याच परिच्छेदात त्याचा अर्थ सांगेन.

लेबलं आता ब्राउझरमधूनच छापतात. प्रिंटर जुनाच आहे. ताई रोज दहा-पंधरा नोंदी पूर्ववत करताहेत. चाचणीसाठी मी त्यांना 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द छापायला दिले होते, एक समुद्र आणि एक डोंगरांतल्या. दोन्ही वेगळे आणि बरोबर उमटले. त्यावर मावशीची नवी तक्रार आली. लेबलांवरचा ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, आपल्या पुस्तकांतल्यासारखे नाहीत.

तक्रार खरी आहे. मराठी आणि हिंदी ल चा युनिकोड क्रमांक एकच, वळण निवडायचं फॉन्टाने. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे पानावर सांगावं लागतं:

```
<html lang="mr">
```

वाचनालयाच्या पानावर तिथे `en` होतं.

"मग ही पण जुळणीच ना?" मावशीने विचारलं.

"हो, जुळणीच. जुळाऱ्याला मजकूर कुठल्या भाषेतला आहे तेच कोणी सांगितलं नव्हतं."