दरवाढीचे चार ओळींचे पत्र

पेढीवर वर्षानुवर्षे येणारे गिऱ्हाईक दरवाढ सोसते. ती त्याला बिलावर आयती सापडली तर मात्र त्याला खटकते. रुपयापेक्षा 'आपल्याला कुणी सांगितले नाही' ही सल अधिक काळ टिकते. तालुक्याच्या गावातील एका फरसाण व्यापाऱ्याने २०२४ च्या सप्टेंबरात हा प्रसंग कसा निभावला, ते म्हणूनच तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढविले. कच्चे पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल तेल यांवरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. अधिभारांसह एकूण भार साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. पुढील काही दिवसांत या व्यापाऱ्याला १५ किलोचा तेलाचा डबा पावणेचारशे रुपयांनी महाग पडू लागला, म्हणजे किलोमागे २५ रुपये.

त्याने प्रथम पत्र लिहावयास घेतले नाही. खर्चाची वही उघडली. त्याच्या भट्टीत एक किलो शेवेला, गाळ आणि नासधूस धरून, ४०० ग्रॅम तेल लागत असे. २५ रुपयांच्या हिशेबाने शेवेचा खर्च किलोमागे बरोबर १० रुपयांनी वाढला. कर बाजूला ठेवला, तर पूर्वी १९० रुपये खर्च आणि २४० रुपये दर होता. आता खर्च २०० झाला. मुलाचे म्हणणे होते, "एकदाच २६० करून टाकू, म्हणजे वर्षभर बघायला नको." मुनीमजींनी शेकड्याचे गणित मांडले. नफ्याचे प्रमाण पूर्वीइतकेच राखायचे, तर दर सुमारे २५३ रुपये येत होता. व्यापाऱ्याने २५० ठरविला. त्याचे कारण सरळ होते. पूर्वी किलोमागे ५० रुपये सुटत, आताही ५०च सुटतील. तेलाची वाढ गिऱ्हाइकाकडे जाईल, तिच्यावर नफा चढणार नाही. असा हिशेब कोणी विचारला तर वही उघडून दाखविता येतो. २६० चा हिशेब दाखविता आला नसता आणि जो दाखविता येत नाही, तो पत्रात लिहिताना शब्द आपोआप वाढत जातात.

पाकिटाचे वजन गुपचूप कमी करण्याची सूचनाही पुढे आली होती. वजन बदलून ते पाकिटावर स्पष्ट छापले तर ते कायद्यात बसते. पण ज्या घरात दर आठवड्याला तेच पाकीट त्याच डब्यात रिकामे होते, तेथे डबा भरला नाही हे गृहिणीच्या पहिल्याच दिवशी लक्षात येते. मग दरवाढ तर झालेलीच असते, वर लपवाछपवीचा आळही येतो.

दर ठरल्यावर प्रश्न तारखेचा होता. जुन्या भावाचे डबे महिनाअखेरपर्यंत पुरणार होते, म्हणून नवा दर १ ऑक्टोबरपासून ठेवला. जुन्या किमतीची जी पाकिटे कपाटात होती, ती त्याच किमतीला विकली. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापील कमाल किमतीहून अधिक घेता येत नाही आणि वाढीव किमतीची चिकटपट्टी जुन्या छपाईवर लावताही येत नाही. कायदा नसता तरी हेच करणे शहाणपणाचे ठरले असते, कारण जुन्या मालावर नवा दर लावणाऱ्याचे 'खर्च वाढला' हे कारण तिथेच खोटे पडते.

खरी कसोटी दिवाळीच्या आगाऊ मागण्यांत होती. १८० किलोंची बयाणा रक्कम घेऊन झाली होती. त्या जुन्या दराने दिल्या, तर १,८०० रुपये पदरचे जाणार होते. मुलाला ते रुचले नाही. तेव्हा व्यापारी एवढेच म्हणाला, "बयाणा घेतला तेव्हाच सौदा झाला. तेल उतरले असते तर आपण पैसे परत दिले असते का?" त्या मागण्या जुन्या दराने पुऱ्या झाल्या, आणि ते पत्रातही लिहिले गेले.

पत्राचा पहिला मसुदा मुलाने केला होता. त्यात सरकारचे धोरण होते, डिझेल होते, मजुरी होती, वीज होती आणि तीनदा 'नाइलाजास्तव' होते. वाचणाऱ्याला त्यातून दोनच गोष्टी कळल्या असत्या: लिहिणारा घाबरला आहे, आणि कारणे इतकी आहेत की एकही नक्की नाही. शिवाय इतकी दिलगिरी वाचली की घासाघीस करावी असे वाटतेच. व्यापाऱ्याने तो बाजूला ठेवला आणि गल्ल्याजवळ लावण्यासाठी व नेहमीच्या गिऱ्हाइकांना देण्यासाठी पुढील मजकूर लिहिला:

"सस्नेह नमस्कार. आमच्या खरेदीत तेलाचा भाव किलोमागे २५ रुपयांनी वाढला आहे. त्यामुळे १ ऑक्टोबरपासून शेवेचा दर किलोस २४० ऐवजी २५० रुपये राहील. दिवाळीच्या ज्या मागण्या नोंदविल्या आहेत, त्या जुन्याच दराने मिळतील. तेल व वजन पूर्वीचेच आहे. काही शंका असल्यास अवश्य विचारावे."

यात कारण एकच आहे, आणि वाचणारा स्वतः तेल घेत असल्याने त्याला ते पडताळता येते. जुना आणि नवा असे दोन्ही आकडे शेजारी आहेत, शोधाशोध नाही. माफी नाही, आणि पुन्हा दर वाढणार नाही असे न पाळता येणारे वचनही नाही.

मोठ्या गिऱ्हाइकांना मात्र कागद लावण्यापूर्वी दहा दिवस प्रत्यक्ष सांगितले गेले. रोज चार किलो नेणाऱ्या चहावाल्याला दिवसाला ४० रुपयांचा फरक पडणार होता आणि त्याला आपल्या प्लेटचा दर ठरवायला अवधी हवा होता. तो म्हणाला, "शेठ, माझ्यापुरता जुनाच दर ठेवा, कुणाला सांगत नाही." व्यापाऱ्याने नम्रपणे नकार दिला. अशी सवलत आठवडाभरही गुप्त राहत नाही. आणि ती कळली की ज्यांनी मुकाट्याने वाढीव दर दिला, तेच दुखावतात. उधारीची मुदत मात्र त्याने सात दिवसांवरून दहा केली, आणि तीच रोज माल नेणाऱ्या सर्वांना लागू केली.

परिणाम त्याने पहिल्या आठवड्याच्या विक्रीवरून जोखला नाही, कारण सणाच्या गर्दीत ती फसवते. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत नेहमीच्या खात्यांपैकी कोणते थंडावले आणि कोण एक किलोऐवजी पाऊण किलो नेऊ लागले, हे त्याने वहीत पाहिले. काहींचे प्रमाण घटले, पण खाती चालू राहिली.

एका कारणाचे पत्र लिहिले की ते कारण पुढेही बांधून ठेवते. मे २०२५ च्या अखेरीस सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० वरून १० टक्के केले. बातमी वाचून गिऱ्हाइके विचारू लागली, "आता शेव उतरणार ना?" पत्रात आयात शुल्काचा उल्लेख नव्हता, 'आमच्या खरेदीतील भाव' असा होता, म्हणून उत्तर देणे सोपे गेले. डबा त्याला तेव्हा ७५ रुपयांनीच स्वस्त मिळत होता, म्हणजे शेवेमागे दोन रुपये. त्याने खरेदीचे बिल दाखविले आणि आपला नियम सांगितला: फरक किलोमागे पाच रुपयांवर गेला की दर बदलेल, वरही आणि खालीही. तो नियम त्याने त्याच दिवशी गल्ल्याजवळच्या कागदाखाली लिहून लावला.