“लिहायला-वाचायला शिकवा” म्हणजे नेमकं काय?

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी वर्गात मी शिकवते. प्रवेशाच्या वेळी पालकांना चार प्रश्न विचारते, आणि बऱ्याचदा उत्तरं मूळ मागणीच्या उलट निघतात. यंदाचंच उदाहरण सांगते.

नऊ वर्षांच्या मुलाचे बाबा म्हणाले, “ताई, याला लिहायला-वाचायला शिकवा.” मी विचारलं, कशासाठी? “आजीशी बोलता यावं म्हणून.” घरी मराठी कळतं का? “सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो.” घरी सराव किती होईल? “आठवड्यात वीस मिनिटं, फार तर.”

आता मागणी अक्षरांची आणि उत्तरं बोलण्याची. वीस मिनिटांत बाराखडी गिरवत बसलं तर कित्येक महिने जातील आणि आजीशी बोलणं तिथेच राहील. अशा वेळी “म्हणजे तुम्हाला बोलणंच हवंय ना?” असं विचारायचं नाही. आपली माणसं शिक्षकाचा मान राखून “हो हो, तसंच” म्हणतात आणि दिवाळीला विचारतात, “अजून वाचत कसा नाही?” नंतरचं उत्तर म्हणजे अंतिम उत्तर, असंही धरायचं नाही. पहिली मागणी त्यांच्या तोंडून न विचारता आली होती, तिला काहीतरी कारण असणार.

म्हणून दोन्ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत समोर ठेवली: “तुम्ही लिहिणं-वाचणं म्हणालात, आणि आजीशी बोलणंही म्हणालात. वीस मिनिटांत दोन्ही पूर्ण बसणार नाही. दिवाळीपर्यंत यातलं काय झालं नाही तर जास्त रुखरुख लागेल?”

ते थोडं थांबून म्हणाले, “आई त्याला व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिते. तो फोन माझ्याकडे आणून देतो. ते तिला कळतं हो.”

इथे गाठ सुटली. वाचन हवंच होतं, पण आजीच्या मेसेजपुरतं. हाताने लिहिणं कुणालाच नको होतं, ते फक्त जोडशब्दात आलं होतं.

मग आजीचे खरे मेसेजच घेतले. “जेवलास का?” यात ज, व, ल, स, क ही पाचच अक्षरं, शिवाय काना आणि मात्रा. मुलगा मोठ्याने वाचतो आणि व्हॉइस नोटवर मराठीतच उत्तर देतो. जोडाक्षरं मेसेजमध्ये येतील तेव्हा. वही तूर्त बंद. हे सगळं बाबांना दोन ओळींत लिहून पाठवलं आणि “वही नाही, चालेल ना?” हे वेगळं विचारलं, कारण मूळ मागणीतला तेवढाच भाग आपण सोडत होतो.

जमलं हे कशावरून ओळखायचं? फोन बाबांकडे जाणं थांबलं की.

तुम्ही मुलांना वर्गात घातलंत तेव्हा काय मागितलं होतं? आणि खरं काय हवं होतं? कमेंटमध्ये लिहा.